काठाला काठ भिडतो तेव्हा

शिलाई मशीनवर बॉबिन भरायची असली की हातचाकाशेजारची छोटी दांडी दाबतात. दांडीवर एक लहानसं चाक असतं आणि त्याच्या काठावर रबराची कडी चढवलेली असते. ही कडी फिरत्या हातचाकाच्या काठाला टेकली की लहान चाकही फिरू लागतं. ते हातचाकाच्या उलट दिशेने फिरतं आणि आकाराने लहान असल्यामुळे त्याचे फेरे कितीतरी जास्त होतात. टेकण्याच्या त्या पहिल्या क्षणी मात्र एक काठ पळत असतो आणि दुसरा स्वस्थ असतो. त्यामुळे रबर आधी घासतं, घसरतं आणि मग त्याची पकड बसते. कडी झिजून गुळगुळीत झाली असेल तर घसरणं लांबतं आणि बॉबिन नीट भरत नाही.

या प्रसंगातून पाय, मोटर, दोरा हे सगळं बाजूला काढलं तर अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातला एक नामांकित प्रश्न उरतो. दोन चकत्या आहेत. प्रत्येक चकती आपापल्या पक्क्या आसावर बसलेली आहे आणि दोन्ही आस एकमेकांना समांतर आहेत. एक चकती गरगर फिरते आहे, दुसरी स्थिर आहे. फिरत्या चकतीला आता कुणीही ढकलत नाही. दोघींचे काठ एकमेकांना टेकवले. काही काळ काठ घसरतील, मग दोन्ही काठांचा वेग सारखा होईल आणि घसरणं थांबेल. त्या वेळी प्रत्येक चकती किती वेगाने फिरत असेल?

प्रश्न साधा वाटतो, पण परीक्षेत चांगली चांगली मुलं इथे घसरतात. ती सगळी एकाच जागी घसरतात, म्हणून ती जागा नीट बघण्यासारखी आहे.

आकडे घेऊनच बोलू. मोठी चकती २० सेंटिमीटर त्रिज्येची आणि ४ किलो वजनाची आहे. साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यातून कापली तर एवढंच वजन भरतं. धाकटी चकती १० सेंटिमीटर त्रिज्येची, पण दुप्पट जाडीची, म्हणून २ किलोची. धाकटीच्या काठाला रबराची पातळ पट्टी लावली आहे, तिचं वजन आपण धरणार नाही. मोठी मिनिटाला ९०० फेरे घेते आहे, धाकटी स्थिर आहे.

फिरणारी वस्तू आपला वेग बदलायला किती विरोध करते, हे तिच्या वजनावर आणि ते वजन आसापासून किती दूर पसरलं आहे यावर ठरतं. या विरोधाला जडत्व आघूर्ण म्हणतात, मुलांच्या तोंडी ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’. सगळीकडे सारख्या जाडीच्या चकतीसाठी ते काढायचं तर वजनाला त्रिज्येच्या वर्गाने गुणायचं आणि निम्मं करायचं. मोठीचं वजन दुप्पट आणि त्रिज्याही दुप्पट, म्हणून तिचं जडत्व आघूर्ण धाकटीच्या आठपट भरतं. धाकटीचं १ मानलं तर मोठीचं ८. या आकड्याला फेऱ्यांच्या वेगाने गुणलं की कोनीय संवेग मिळतो, म्हणजे चकतीत साठलेलं ‘फिरणं’. सुरुवातीला मोठीत ८ गुणिले ९००, म्हणजे ७२०० इतकं फिरणं आहे आणि धाकटीत शून्य.

शेवटी काय असेल याबद्दल एक गोष्ट आधीच पक्की आहे. घसरणं थांबलं म्हणजे दोन्ही काठ एकाच वेगाने चालले आहेत. धाकटीचा परीघ मोठीच्या निम्मा असल्यामुळे मोठीच्या एका फेऱ्यात धाकटीचे दोन फेरे होतात. मोठीचे अंतिम फेरे काहीही असोत, धाकटीचे त्याच्या दुप्पट असतात आणि ते उलट दिशेने असतात. अज्ञात दोन आहेत आणि एक समीकरण मिळालं. दुसरं हवं आहे.

नेमकं इथेच हात सवयीने चुकीच्या सूत्राकडे जातो. कोनीय संवेग अक्षय्य असतो हे मनावर ठसलेलं असतं, म्हणून आधीचं एकूण फिरणं आणि नंतरचं एकूण फिरणं सारखं मांडलं जातं. मोठीचं ८ आणि दुप्पट वेगाने फिरणाऱ्या धाकटीचे २ मिळून १० होतात. ७२०० भागिले १०, उत्तर ७२०. म्हणजे मोठी मिनिटाला ७२० फेरे आणि धाकटी १४४०. उत्तर दिसायला निर्दोष आहे. मोठी मंदावली, धाकटीने वेग घेतला, काठांचे वेग जुळले आणि ऊर्जाही वाढलेली नाही. तरी ते चूक आहे.

चूक पकडायची एक सोपी खूण आहे. धाकटी उलट दिशेने फिरते, तेव्हा तिचं फिरणं वजा चिन्हाने धरायला हवं. ज्याला कोनीय संवेग खरोखरच अक्षय्य मानायचा आहे, त्याला चिन्ह सोडून चालणार नाही. मग ८ आणि २ यांची बेरीज न होता वजाबाकी होते. ७२०० भागिले ६, उत्तर १२००. म्हणजे धाकटीला घासल्यामुळे मोठीचा वेग ९०० वरून १२०० झाला! घर्षणाने फिरती चकती वेगवान होत नाही, हे कुणीही सांगेल. नियम काटेकोरपणे लावल्यावर उत्तर असं वेडंवाकडं येत असेल, तर तो नियम इथे लागूच पडत नाही.

आणखी खात्री हवी असेल तर चकत्यांची जोडी बदलून पाहा. दोन अगदी सारख्या चकत्या घ्या आणि दोघींना सारख्याच वेगाने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. आता काठ टेकवले तर स्पर्शाच्या जागी एकीचा काठ खाली आणि दुसरीचा वर पळत असेल. दोघी एकमेकींना सारख्याच जोराने अडवतील, दोघी सारख्याच मंदावतील आणि दोघी एकदमच थांबतील. एकीने दुसरीला मागे फिरवायचं म्हटलं तर कोणी कोणाला फिरवायचं? दोघींत डावंउजवं करायला काही कारणच नाही. सुरुवातीला दोघींचं फिरणं एकाच दिशेचं होतं, त्याची बेरीज भरपूर होती. शेवटी ती शून्य झाली. तेव्हा या मांडणीत चकत्यांचा एकूण कोनीय संवेग टिकत नाही, हे गणित न करताही सिद्ध होतं.

मग हे फिरणं गेलं कुठे? याचं उत्तर आसात आहे. स्पर्शाच्या जागी धाकटीचं रबर मोठीच्या काठाला एका बाजूला, समजा वरच्या दिशेला, ढकलतं. मोठी चकती सुटी असती तर या बळाने ती फिरता फिरता वर सरकली असती. ती सरकत नाही, कारण बेअरिंग तिला तेवढ्याच बळाने खाली धरून ठेवतं. धाकटीचं याच्या उलट. मोठीचा काठ तिला खाली ढकलतो आणि तिचं बेअरिंग तिला वर धरतं. म्हणजे दोन बेअरिंगांमधून दोन सारखी बळं चकत्यांवर विरुद्ध दिशांना लागतात. त्यांच्यामधलं अंतर दोन त्रिज्यांच्या बेरजेइतकं, म्हणजे ३० सेंटिमीटर आहे. अशी जोडी म्हणजेच पिळा, मेकॅनिकच्या भाषेत टॉर्क. हा पिळा चकत्यांच्या बाहेरून, सांगाड्याकडून येतो. बाहेरचा पिळा असेल तर कोनीय संवेग टिकण्याची अटच मोडते.

सांगाडा टेबलाला आणि टेबल जमिनीला पक्कं असतं, म्हणून हा पिळा आपल्या नजरेत येत नाही. सगळा सांगाडा एखाद्या सहज फिरणाऱ्या स्टुलावर ठेवला तर काठ भिडताच सांगाडा मोठ्या चकतीच्या दिशेने वळू लागेल. चकत्यांतून गेलेलं फिरणं सांगाड्यात दिसेल. एरवी ते पृथ्वीच्या पदरात पडतं आणि पृथ्वीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता बरोबर हिशेब. एकूण बेरजेचा नाद सोडून प्रत्येक चकतीकडे स्वतंत्र पाहायचं आणि प्रत्येकीचा पिळा तिच्याच आसाभोवती मोजायचा. बेअरिंगचं बळ आसातूनच जातं, म्हणून त्या आसाभोवती त्याचा पिळा शून्य. दोन्ही काठ एकमेकांवर दाबणारं बळही दोन्ही आसांच्या रेषेत असतं, त्याचाही पिळा शून्य. उरतं फक्त घर्षण. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोन्ही चकत्यांवर ते सारखंच असतं आणि सारखाच वेळ टिकतं. मात्र मोठीवर ते आसापासून २० सेंटिमीटरवर लागतं आणि धाकटीवर १० सेंटिमीटरवर. त्यामुळे मोठीवरचा पिळा दुप्पट. धाकटी जेवढं फिरणं कमावते त्याच्या नेमकं दुप्पट मोठी गमावते. हेच हवं असलेलं दुसरं समीकरण.

मोठीचे अंतिम फेरे ‘क’ धरू. धाकटीचे फेरे दोन क, आणि तिचं जडत्व आघूर्ण १ असल्यामुळे तिची कमाईही दोन क. मोठीचं नुकसान त्याच्या दुप्पट, म्हणजे चार क. पण तेच नुकसान ७२०० उणे आठ क असंही आहे. म्हणून ७२०० बरोबर बारा क, आणि क निघतो ६००. मोठी मिनिटाला ६०० फेरे, धाकटी उलट दिशेने १२०० फेरे. मोठीने २४०० गमावले, धाकटीने १२०० कमावले, हिशेब चोख. चिन्हासकट बेरीज मात्र ७२०० वरून ३६०० वर आली. निम्मं फिरणं पृथ्वीने घेतलं.

हे ६०० आणि ९०० यांचं गुणोत्तर जरा निरखून पाहा. ते २ ला ३ आहे. मोठीचं वजन ४ किलो आणि दोघींचं मिळून ६ किलो, त्यांचंही गुणोत्तर २ ला ३. हा योगायोग नाही. सारख्या जाडीच्या कोणत्याही दोन चकत्या घ्या, अंतिम वेग काढताना त्रिज्या गळून पडतात आणि मोठीचा वेग तिच्या वजनाला एकूण वजनाने भागून येणाऱ्या प्रमाणातच उरतो. धाकटीची त्रिज्या ५ सेंटिमीटर असती, पण वजन २ किलोच असतं, तरी मोठी ६०० वरच स्थिरावली असती. फक्त धाकटीचे फेरे २४०० झाले असते.

याचं कारण काठावरून पाहिलं की कळतं. काठाला फिरण्याशी देणंघेणं नाही, तो फक्त सरळ ढकललं जाणं जाणतो. काठाला ढकलून चकती हलवायला जेवढं जड जातं, त्याचं माप म्हणजे जडत्व आघूर्ण भागिले त्रिज्येचा वर्ग. सारख्या जाडीच्या चकतीसाठी ते तिच्या निम्म्या वजनाएवढं असतं, त्रिज्या कितीही असो. म्हणजे आपला प्रश्न असा झाला की २ किलोची धावती वस्तू १ किलोच्या स्थिर वस्तूला भिडली आणि दोघी एकाच वेगाने निघाल्या. रेल्वेच्या यार्डात धावता डबा उभ्या डब्याला जोडला जातो तसंच हे. संवेग टिकतो तो काठांचा, सरळ रेषेतला. त्यामुळे काठाचा वेग सेकंदाला सुमारे १८.८ मीटरवरून १२.६ मीटरवर येतो, म्हणजे दोन तृतीयांश.

हाच विचार आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. धाकटीच्या जागी तेवढ्याच २ किलोचं, पण सगळं वजन काठावर असलेलं कडं बसवलं तर काठावरचं माप निम्मं न होता पुरे २ किलो होतं. मग दोन्ही बाजू समसमान. मोठी ४५० वर येते आणि कडं ९०० फेरे घेतं. वजन तेच, त्रिज्या तीच, तरी उत्तर वेगळं. म्हणून असा प्रश्न सोडवायला बसलं की चकती सपाट आहे की काठाला जड आहे, हे आधी विचारायचं.

एवढ्या हिशेबात घर्षण किती होतं हे आपण विचारलंच नाही, हे लक्षात आलं का? चकत्या ५० न्यूटनने, म्हणजे साधारण ५ किलो वजनाच्या भाराने एकमेकींवर दाबल्या आणि रबर-पोलादाचा घर्षणांक ०.४ धरला, तर घर्षणबळ २० न्यूटन होतं आणि घसरणं सुमारे ०.६३ सेकंद चालतं. दाब निम्मा केला तर १.२६ सेकंद लागतात. अंतिम वेग तेच राहतात. वेगमापक लावून आलेख काढला तर एका काठाचा वेग उतरत्या रेषेत आणि दुसऱ्याचा चढत्या रेषेत दिसतो. दाब कमी केला की दोन्ही रेषा आडव्या होत जातात, पण भेटतात त्याच उंचीवर.

उष्णतेचंही तसंच आहे. मोठीत सुरुवातीला सुमारे ३५५ ज्यूल ऊर्जा होती, शेवटी दोघींत मिळून २३७ उरली. उरलेली ११८ ज्यूल रबर तापण्यात गेली. घर्षण २० न्यूटन असेल तर काठ एकमेकांवर जवळपास ६ मीटर घसरतात आणि बळ गुणिले अंतर केलं की हेच ११८ येतात. घर्षण निम्मं केलं तर घसरण्याचं अंतर दुप्पट होतं, गुणाकार तोच. रबर खरखरीत असो वा गुळगुळीत, ही पट्टी तेवढी द्यावीच लागते. म्हणूनच ऊर्जा टिकते असं धरून काढलेलं उत्तरही इथे चुकतं. तसं केलं तर मोठीचे सुमारे ७३५ फेरे येतात, आणि तेही दिसायला पटण्यासारखंच असतं.

एका बाजूचं माप अफाट मोठं केलं तर काय होतं, ते विमानतळावर दिसतं. उतरणाऱ्या विमानाची चाकं हवेत फिरत नसतात आणि खाली धावपट्टी त्यांच्या दृष्टीने ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने मागे पळत असते. टेकताच टायर घसरतात, निळसर धूर निघतो, डांबरावर काळे पट्टे उमटतात. विमान एवढं जड असतं की चाकं फिरवण्यापायी त्याचा वेग जवळपास कमीच होत नाही. अशा वेळी चाकाला जेवढी फिरण्याची ऊर्जा मिळते, नेमकी तेवढीच घसरण्यात उष्णता होते. मोटरने एकाच वेगाने फिरत ठेवलेल्या चाकाला दुसरं चाक टेकवलं तरी हिशेब हाच लागतो. तिथे अंतिम वेग वजनावर ठरत नाही, मोटरचं चाक ज्या वेगाने फिरतं त्यावर ठरतो.

कागदावरचं ६०० आणि १२०० प्रत्यक्षात किती जुळेल? बेअरिंग चांगली असतील आणि दाब पुरेसा असेल तर बरंच जुळेल, कारण अर्ध्या-पाऊण सेकंदात बेअरिंगांना फारसं काही खाता येत नाही. पण दाब इतका कमी ठेवला की घर्षण १ न्यूटनवर आलं, तर घसरणं १२ सेकंदांच्या वर लांबतं. तेवढ्यात बेअरिंगं आणि हवा दोन्ही चकत्यांचे फेरे कमी करत राहतात आणि काठ जुळतात ते ६०० च्या खाली कुठेतरी. उत्तर कमी आलं तर सूत्रावर शंका घेण्याआधी दाब वाढवून पाहावा. दाब वाढवल्यावर आकडा ६०० कडे सरकला तर दोष बेअरिंगांचा. तो एकाच जागी अडून राहिला तर वजन किंवा त्रिज्या मोजण्यात चूक आहे.

मग एकूण कोनीय संवेग टिकतो ते सूत्र वापरायचं कधी? दोन्ही चकत्या एकाच आसावर समोरासमोर असतील आणि सपाट पृष्ठांनी एकमेकींना टेकत असतील तेव्हा, म्हणजे मोटारीच्या क्लचसारख्या रचनेत. तिथे बाजूने धरून ठेवायला बेअरिंगला बळ लावावं लागत नाही, बाहेरचा पिळा शून्य असतो आणि आपल्याच चकत्या ८०० फेऱ्यांवर एकत्र येतात. काठाला काठ भिडतो तेव्हा आस दोन असतात, आणि आस दोन असले की प्रत्येक चकतीचा हिशेब तिच्या स्वतःच्या आसाभोवती वेगळा मांडायचा. परीक्षेत असो वा यंत्रशाळेत, पहिलं समीकरण लिहिण्याआधी आस मोजावेत.